लोणी काळभोरच्या एमआयटीला जायचंय? बस कुठे बदलायची आणि कुठल्या 'लोणी'ला जायचं नाही

प्रवेश मिळाला, फी भरली, कागदपत्रांच्या झेरॉक्सचे तीन संच तयार झाले. 'सकाळी दहा वाजता कॅम्पसवर हजर राहा' असा मेसेजही आला. पुण्यात नवीन आलेला विद्यार्थी मग बसस्टॉपवर जातो आणि कंडक्टरला विचारतो, "एमआयटीला जाईल का?" कंडक्टर मान डोलावतो. अर्ध्या-पाऊण तासाने हा विद्यार्थी पौड रोडवर, कोथरूडच्या एमआयटीच्या दारात उभा असतो. त्याचं कॉलेज तिथून पंचवीसेक किलोमीटर लांब, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला असतं.

यात कंडक्टरची चूक नाही. पुण्यात 'एमआयटी' म्हटलं की पहिलं कोथरूडच आठवतं. त्याच नावाचं एक इंजिनीअरिंग कॉलेज आळंदीला आहे. एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटी मात्र सोलापूर रोडवर, लोणी काळभोरच्या राजबागेत आहे. राजबाग म्हणजे एकेकाळचं राज कपूर यांचं फार्म. कोथरूड पश्चिमेला, आळंदी उत्तरेला आणि लोणी काळभोर पूर्वेला. म्हणून पहिला नियम असा की, बसमध्ये कॉलेजचं नाव सांगू नका, गावाचं सांगा. "लोणी काळभोर, एमआयटी कॉर्नर" एवढं म्हटलं तरी पुरतं. मॅपवर शोधतानाही नुसतं MIT टाकू नका. MIT Art, Design and Technology University असं पूर्ण नाव टाइप करा आणि खाली पत्त्यात Loni Kalbhor दिसतंय ना, ते बघा.

गावाचं नावही पूर्णच घ्यावं लागतं, कारण पुण्याजवळ 'लोणी' दोन आहेत. लोणी काळभोर सोलापूर रोडवर आहे, तर लोणी कंद नगर रोडवर, वाघोलीच्या पुढे. दोन्ही गावं हवेली तालुक्यातली आणि दोन्हीकडे जाणारे रस्ते पुण्यातून पूर्वेकडेच निघतात. पण एकदा चुकीच्या लोणीत उतरलात की दुसऱ्या लोणीला जाण्यात बराच वेळ जातो. सोपी खूण हवी असेल तर हे लक्षात ठेवा : वाटेत हडपसर लागलं तर तुम्ही बरोबर आहात, वाघोली लागली तर चुकलात.

सगळं येऊन थांबतं गाडीतळावर

शहराच्या कुठल्याही कोपऱ्यात राहत असा, बसने लोणी काळभोरला जायचं तर एका ठिकाणाला पर्याय नाही. ते म्हणजे हडपसर गाडीतळ. कात्रज, कोथरूड, पिंपरी-चिंचवड, पुणे स्टेशन अशा सगळ्या बाजूंनी येणाऱ्या वाटा इथे एकत्र होतात आणि पुढे पुन्हा फुटतात. म्हणूनच 'माझ्या घरापासून कॉलेजला कोणती बस जाते?' हा प्रश्न मनातून काढून टाका. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. घरापासून गाडीतळापर्यंत कसं जायचं? आणि गाडीतळापासून एमआयटी कॉर्नरपर्यंत कसं? पहिल्याचं उत्तर प्रत्येकासाठी वेगळं असेल, दुसऱ्याचं सगळ्यांसाठी एकच आहे.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

गाडीतळावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सरळ सोलापूरच्या दिशेने जातो, दुसरा उजवीकडे वळून भेकराईनगर, फुरसुंगी, दिवे घाट करत सासवडला जातो. वारीच्या बातम्या बघणाऱ्यांना ही जागा ओळखीची असेल. पुण्यातला मुक्काम हलला की दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात आणि इथून वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रोडने लोणी काळभोरला मुक्कामाला जाते. आपल्याला तुकोबांच्या वाटेने जायचंय. घरच्यांनाही फोनवर हेच सांगा, पटकन समजेल.

त्यामुळे गाडीतळावर आलेली प्रत्येक 'पुढे जाणारी' बस तुमची नसते. भेकराईनगर, फुरसुंगी किंवा सासवड अशी पाटी असेल तर ती बस उजवीकडे वळणार. तुम्हाला हवी असलेली पाटी लोणी काळभोर किंवा उरुळी कांचन. उरुळी कांचन त्याच रस्त्यावर लोणीच्या पुढे आहे, म्हणजे उरुळीची बस लोणीवरूनच जाते. थेऊरची पाटी असेल तर चढण्याआधी "सोलापूर रोडने जाणार ना? एमआयटी कॉर्नरला थांबणार?" एवढं विचारून घ्या. थेऊरचा फाटा लोणी काळभोरच्या पुढे फुटतो, पण थेऊरला जायचे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत.

आणखी एक पाटी दिसेल, शेवाळेवाडी. तिथे पीएमपीचं आगार आहे आणि ते सोलापूर रोडवरच, गाडीतळाच्या पुढे आहे. शहराच्या मध्यातून थेट शेवाळेवाडीची बस मिळाली तर गाडीतळाच्या गर्दीत न उतरता पुढे जायचा मोह होईल. जा, पण एक हिशोब करून. लोणी-उरुळीच्या ज्या गाड्या गाडीतळावरून सुटतात त्या शेवाळेवाडीत येईपर्यंत भरलेल्या असतात. गाडीतळावर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त, शेवाळेवाडीत लटकायची. सकाळी मी गाडीतळच निवडेन. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा शेवाळेवाडीपर्यंत पुढे सरकायला हरकत नाही.

गाडीतळ हा एकच थांबा नाही, हेही नवीन माणसाला माहीत नसतं. आत बसस्थानक आहे, बाहेर रस्त्यावर वेगळे थांबे आहेत आणि डोक्यावर उड्डाणपूल आहे. तुम्ही ज्या बाजूला उतरता, पुढची गाडी त्याच बाजूला येईलच असं नाही. उतरल्यावर आधी स्थानकातल्या कंट्रोलरच्या केबिनपाशी जाऊन विचारा, "लोणी काळभोरची गाडी कुठे लागते?" मोबाइलमध्ये डोकं घालून दहा मिनिटं शोधण्यापेक्षा हे लवकर होतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मी स्वतः अशाच एका स्थानकावर मॅपमधला निळा ठिपका बघत उभा राहिलो होतो आणि माझी बस पाठीमागून निघून गेली होती.

उड्डाणपुलाची एक वेगळी भानगड आहे. पीएमपीच्या गाड्या खालून थांबे घेत जातात, पण लांब पल्ल्याच्या खासगी बस थेट पुलावरून निघून जाऊ शकतात. पुण्याच्या बाजूने येताना अशा गाडीत बसला असाल तर गाडीतळ पुलाखालून निघून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून चढतानाच 'गाडीतळाला उतरायचंय' असं सांगून ठेवा.

शेवटचे नऊ किलोमीटर

गाडीतळापासून एमआयटी कॉर्नर साधारण नऊ किलोमीटर आहे. बस निघाली की पंधरा नंबर, शेवाळेवाडी, मग जुन्या टोलनाक्याचं कवडीपाट आणि पुढे कदमवाकवस्ती ही नावं कानावर पडतील. कवडीपाट गेलं की बॅग हातात घ्या. पुढे लोणी स्टेशनचा चौक आणि एमआयटी कॉर्नर हे थांबे एकमेकांपासून फार लांब नाहीत. डिझेल-पेट्रोलच्या टँकरची रांग दिसायला लागली की लोणी आलीच समजा. इथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि टँकरची वर्दळ कायम असते.

'थेऊर फाटा' असं कुणी म्हणालं तर तुम्ही पुढे गेलात. घाबरायचं कारण नाही. उतरा, रस्ता ओलांडा आणि हडपसरकडे जाणाऱ्या कुठल्याही पीएमपीने मागे या. रस्ता ओलांडताना मात्र जपून, कारण हा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि इथून जाणाऱ्या ट्रकला तुमच्या दहाच्या वेळेशी देणंघेणं नसतं. चौकात, जिथे दुभाजक संपतो तिथेच ओलांडा. दुभाजकावरून उड्या मारणारे सीनियर दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका.

कोथरूडहून निघालात तर : एक सकाळ पूर्ण मांडून

आता पहिला प्रश्न, घरापासून गाडीतळापर्यंत. सगळ्या भागांचं उत्तर इथे देता येणार नाही, म्हणून सगळ्यात लांबचं एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, तुम्ही कोथरूड डेपोजवळ मामांकडे उतरला आहात आणि दहा वाजता कॅम्पसवर पोहोचायचंय.

सरळ मार्ग तीन गाड्यांचा आहे. कोथरूड डेपोहून स्वारगेट, स्वारगेटहून हडपसर गाडीतळ, गाडीतळाहून एमआयटी कॉर्नर. स्वारगेटला एक काळजी घ्या. तिथे एसटीचं मोठं स्थानक आहे, त्यात शिरू नका. तुम्हाला पीएमपीच्या हडपसर बाजूच्या गाड्यांचा थांबा हवाय. भेकराईनगरची गाडी आली तरी इथून चालेल, कारण ती गाडीतळावरूनच जाते. फक्त गाडीतळाला उतरायला विसरू नका, नाहीतर ती तुम्हाला सासवड रोडवर घेऊन जाईल. वाटेत पुलगेट, रेसकोर्स, फातिमानगर, रामटेकडी, वैदूवाडी, मगरपट्टा असे थांबे लागतील. मगरपट्टा गेलं की दाराकडे सरका.

पहिल्या टप्प्यासाठी मेट्रोही आहे. वनाज ते रामवाडी मार्गाने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत यायचं, तिथे मार्गिका बदलून स्वारगेटला उतरायचं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. सकाळी कर्वे रोडवर आणि पुढे टिळक रोडवर वाहतूक तुंबते तेव्हा मेट्रोची वेळ तरी ठरलेली असते. गाड्या बदलण्याची संख्या मात्र एकाने वाढते.

आता पैसे. पीएमपीने १ जून २०२५ पासून भाड्याचे टप्पे बदलले. आता पाच-पाच किलोमीटरचे टप्पे आहेत. पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, वीसपर्यंत ४०. आपले तिन्ही तुकडे पाचपेक्षा जास्त आणि दहापेक्षा कमी किलोमीटरचे आहेत. म्हणजे प्रत्येकी २० रुपये, एका बाजूचे ६०, जाऊन-येऊन १२०.

इथे एक छोटं गणित कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे. बस बदलली की तिकीट पुन्हा शून्यापासून सुरू होतं. सहा किलोमीटरचे दोन तुकडे केलेत तर वीस आणि वीस, चाळीस रुपये जातात. तेच बारा किलोमीटर एकाच गाडीने गेलात तर तीस. प्रवासाचे तुकडे करून तिकीट स्वस्त होत नाही, झालंच तर महाग होतं. कोथरूडच्या उदाहरणात मात्र फरक पडत नाही, कारण कोथरूड ते गाडीतळ थेट गाडी मिळाली तरी अंतर पंधराच्या वर जातं आणि चाळीसच रुपये लागतात. म्हणजे थेट हडपसरच्या गाडीसाठी अर्धा तास थांबण्यात पैशांचा फायदा नाही. समोर स्वारगेटची रिकामी गाडी उभी असेल तर तिच्यात बसा.

वेळेचं म्हणाल तर हा साधारण पंचवीस किलोमीटरचा प्रवास आहे. बसमध्ये बसलेला वेळ आणि थांब्यावर उभं राहिलेला वेळ वेगवेगळा धरा. गाडी बदलायची म्हणजे पंधरा मिनिटं वाट बघायची, असं गृहीत धरलं तर दोन बदलांचा अर्धा तास होतो. पहिल्या दिवशी मी असतो तर पावणेआठला घर सोडलं असतं आणि नऊच्या आत गाडीतळावर पोहोचायचं ठरवलं असतं. नऊ ही वेळ महत्त्वाची आहे. शहरात उशीर झाला तर दुसरी, तिसरी गाडी असते. गाडीतळानंतर पर्याय कमी होतात आणि एक लोणी-उरुळीची गाडी हुकली तर पुढची किती वेळाने येईल हे सोलापूर रोडच्या वाहतुकीवर ठरतं.

पास काढताना हद्द बघा

नवीन विद्यार्थी इथेच सगळ्यात जास्त फसतो, आणि दंडही इथेच होऊ शकतो.

पीएमपीच्या बस दोन्ही महापालिकांच्या हद्दीत धावतात, तशाच त्याबाहेर पीएमआरडीएच्या हद्दीतही जातात. पास मात्र हद्दीप्रमाणे वेगळे आहेत. २०२५ च्या दरवाढीनंतर दोन्ही महापालिकांच्या हद्दीचा एक दिवसाचा पास ७० रुपयांना झाला आणि पीएमआरडीए हद्दीसह चालणारा १५० रुपयांना. आता नकाशा आठवा. शेवाळेवाडी २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्यापुढची कदमवाकवस्ती आणि लोणी काळभोर महापालिकेच्या बाहेर आहेत. म्हणजे तुमचं कॉलेज हद्दीच्या चार-पाच किलोमीटर पलीकडे आहे आणि ७० रुपयांचा पास खिशात असूनही शेवटच्या टप्प्यात तुम्ही विनातिकीट ठरू शकता. 'पास आहे ना' म्हणून निवांत बसू नका. गाडीतळावर लोणीच्या गाडीत चढलात की पास दाखवून आधी कंडक्टरला विचारा आणि तिकीट घ्या.

मग दिवसाचा पास काढावा का? कोथरूडचंच उदाहरण घेऊ. हद्दीच्या आतले चार प्रवास, म्हणजे कोथरूड-स्वारगेट आणि स्वारगेट-गाडीतळ, जाताना आणि येताना, तिकिटाने ८० रुपयांचे होतात. पास ७० चा. वाचले दहा रुपये. शेवटच्या टप्प्याचे येता-जाता ४० वेगळेच. संध्याकाळी आणखी कुठे फिरणार असाल तर पास परवडतो, नाहीतर फार फरक नाही. १५० चा पास नुसतं कॉलेजला जाऊन यायला काढू नका, कारण तिकिटाने १२० रुपयांतच काम होतं. स्वारगेटजवळ राहत असाल तर दोनच गाड्या, जाऊन-येऊन ८० रुपये, आणि १५० च्या पासाचा विचारही करायला नको.

रोज जायचं असेल तर खरा उपाय विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास. जूनच्या दरवाढीत त्याचे दर वाढवले नव्हते. त्याला कॉलेजचं बोनाफाइड किंवा ओळखपत्र लागतं, म्हणजे पहिल्या दिवशी तो मिळणार नाही. पहिल्या आठवड्याचे तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि कॉलेजच्या कार्यालयात गेलात की इतर कागदांबरोबर बोनाफाइडचा अर्जही देऊन टाका. पास केंद्राच्या खिडकीवर 'स्टुडंट पास द्या' एवढंच म्हणू नका. 'लोणी काळभोरपर्यंत चालणारा पास हवा' असं सांगा आणि हातात आल्यावर त्यावर लिहिलेली हद्द तिथेच उभं राहून वाचा.

मोबाइलवर Apli PMPML हे पीएमपीचं अधिकृत ॲप आहे. त्यात तिकीट आणि दिवसाचा पास काढता येतो, गाडी कुठे आहे तेही बघता येतं. बसमध्ये यूपीआयनेही तिकीट मिळतं. तरीही खिशात दहा-वीसच्या सुट्या नोटा ठेवाच. भरलेल्या गाडीत, नेटवर्क गेलेलं असताना पेमेंटचा गोल फिरत राहतो, तोवर थांबा येतो. ॲपवर गाडीचा ठिपका एकाच जागी अडकलेला दिसला तर तो वाहतूक कोंडीमुळे की सिग्नल गेल्यामुळे हे तिथून कळत नाही. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बघा. ठिपका तेवढाच मागे असेल आणि वेळ मात्र कमी-कमी दाखवत असेल, तर त्या वेळेवर भरवसा ठेवू नका.

थांब्यांच्या नावांतही एक गंमत आहे. बसच्या पाट्यांवर 'मनपा' असं लिहिलेलं दिसेल. नवीन मुलांना वाटतं हे एखाद्या उपनगराचं नाव. ते म्हणजे शिवाजीनगरचं पुणे महापालिका भवन. पाटीवरचे आकडेही बऱ्याचदा मराठीतच असतात. बाहेरच्या राज्यातला रूममेट बरोबर असेल तर त्याला १, ५ आणि ९ आधी शिकवून ठेवा, या तिघांत त्याचा घोळ होतो.

गावाहून थेट येणार असाल तर

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, इंदापूर या बाजूने एसटीने येणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट आहे आणि बहुतेकांना ती उशिरा कळते. तुमची एसटी पुण्यात शिरण्याआधी उरुळी कांचन, थेऊर फाटा, लोणी काळभोर करतच येते. म्हणजे कॉलेज वाटेतच आहे. तरीही मुलं ट्रंक घेऊन स्वारगेटला उतरतात आणि तीच ट्रंक घेऊन पीएमपीने पुन्हा उलटी येतात. तिकीट काढतानाच "लोणी काळभोरला थांबते का?" असं विचारा. साधी गाडी थांबण्याची शक्यता जास्त. जलद गाडी थांबत नसेल तर हडपसरला उतरा, स्वारगेटपर्यंत जाऊ नका. हडपसरहून लोणी नऊ किलोमीटर मागे आहे, स्वारगेटहून त्याच्या जवळपास दुप्पट.

दौंडकडून येत असाल तर रेल्वेचाही विचार करा. पुणे-दौंड मार्गावर लोणी नावाचं स्टेशन आहे आणि या मार्गावरच्या शटल गाड्या तिथे थांबतात. एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. शटलची संख्या मोजकी असल्याने वेळ जुळली तर हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे, नाही जुळली तर बस बरी.

छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगरकडून येणाऱ्यांची वाट नगर रोडने येते. याच वाटेवर ते दुसरं लोणी, लोणी कंद, लागतं. बोर्ड दिसला म्हणून उठू नका. यांनी शिवाजीनगरपर्यंत म्हणजे आताच्या वाकडेवाडी स्थानकापर्यंत जाण्याची गरज नाही. खराडी बायपासला उतरून मुंढवा, मगरपट्टामार्गे हडपसरकडे जाणारी पीएमपी पकडली तर शहराचा मोठा वळसा वाचतो. गाडीतळाला पोहोचलात की पुढचं सगळं वर सांगितल्यासारखंच.

परतताना आणि जून-जुलैत

संध्याकाळी हिशोब उलटा होतो. एमआयटी कॉर्नरला उरुळीकडून येणारी गाडी आधीच भरलेली असते आणि कॉलेज सुटल्यावर थांब्यावर एकदम गर्दी होते. हडपसरची पाटी असलेली पहिली गाडी घ्या. पुणे स्टेशन किंवा स्वारगेटपर्यंत थेट जाणारी मिळालीच तर उत्तम, पण तिच्यासाठी अंधार पडेपर्यंत थांबू नका. गाडीतळाला पोहोचलात की शहराकडे जायला गाड्यांची कमी नसते. थांबा मात्र सकाळच्या विरुद्ध बाजूला, हे पहिल्या संध्याकाळी हमखास विसरतं. महामार्गाच्या चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर बस येईल, थांबेल आणि तुम्हाला उरुळी कांचनला घेऊन जाईल.

आषाढी वारीचे दिवस प्रवेशाच्या धावपळीच्या आसपास येतात. पालख्या पुण्याहून निघतात त्या दिवशी हडपसर आणि सोलापूर रोडची वाहतूक वळवली जाते, गाडीतळावरून नेहमीच्या गाड्या मिळत नाहीत. त्याच रात्री तुकोबांचा मुक्काम लोणी काळभोरला असतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीही रस्ता मोकळा नसतो. कागदपत्र पडताळणीची तारीख या दोन दिवसांत येत असेल तर आदल्या आठवड्यातच कॉलेजला फोन करून दुसरी वेळ मिळते का ते विचारा. नसेल मिळत तर पुणे स्टेशनहून लोणीची शटल किती वाजता सुटते ते बघून ठेवा. रस्ता बंद असला तरी रूळ चालू असतात.